मेंब्रेन अजून बसवू नका

आई, बाबा,

नमस्कार. बाबा, तुम्ही पाठवलेले फोटो नीट झूम करून बघितले, फोनवर सगळं सांगता येत नाही म्हणून लिहितेय. त्या नव्या माणसाकडून घेतलेलं पाण्याच्या आरओ फिल्टरचं मेंब्रेन अजून बसवू नका, पिशवी पण फोडू नका. मला तो माल डुप्लिकेट वाटतोय, आणि का वाटतोय ते सांगते.

आधी खोक्याचं. माळ्यावरचं जुनं खोकं आणि हे नवं शेजारी ठेवून तुम्ही फोटो काढला ते फार बरं केलं. रंग थोडा वेगळा आहे त्याचं मी काहीच धरत नाही, कंपन्या पॅकिंग बदलत असतात, छपाईच्या लॉटप्रमाणे पण रंग कमीजास्त होतो. पण नव्या खोक्यावर ८० जीपीडी लिहिलंय आणि आतल्या मेंब्रेनच्या लेबलवर ७५. जीपीडी म्हणजे दिवसाला किती गॅलन पाणी गाळणार तो आकडा, तो मॉडेलचाच भाग असतो, तर खोकं एक सांगतंय आणि आतला माल दुसरंच. शिवाय महिना-वर्ष आणि किंमत जुन्यावर खोक्यावरच छापलेली आहे, नव्यावर त्याच जागी वेगळं स्टिकर चिकटवलंय. नुसत्या स्टिकरवरून मी नकली म्हटलं नसतं, पण बनवणाऱ्याचा पत्ता आणि कस्टमर केअरचा नंबर असं जे पॅकिंगवर कायद्याने लागतंच, ते नव्या खोक्यावर कुठेच दिसत नाही. एखादी बाजू फोटोत आली नसेल तर बाबा तेवढं फिरवून बघा.

आता मुख्य गोष्ट. आई, तू शेजारच्या काकूंकडून त्यांच्या मेंब्रेनच्या लेबलचा फोटो मागवलास ना, त्यांनीही त्याच माणसाकडून घेतलंय, तर त्यांचा आणि आपला सिरीयल नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत एकच निघाला! बारकोड सारखा असला तर हरकत नाही, तो त्या मॉडेलच्या सगळ्या नगांवर तोच असतो, बॅच नंबर पण एका लॉटला एकच असतो. पण सिरीयल नंबर एकेका नगाचा वेगळा असतो, तो दोन घरात सारखा येऊच शकत नाही, एकच लेबल कॉपी करून छापत गेलं तरच असं होतं. आणि बारकोड स्कॅन होतो म्हणून माल खरा असं तो माणूस म्हणाला असेल तर ऐकू नका, बारकोडची झेरॉक्स काढली तरी ती स्कॅन होते.

तिसरं म्हणजे सील. पिशवीचं तोंड जुन्या फोटोत मशीनने सरळ एका रेषेत दाबलेलं दिसतंय, नव्यात ती रेषा वाकडी आहे आणि एका कोपऱ्यात प्लास्टिक जळून गोळा झालंय. पिशवीतून मेंब्रेनच्या बारीक नळीवरच्या दोन काळ्या रबरी रिंगा दिसतात, त्यातल्या एकीच्या कडेला रबराचा उरलेला पदर आहे. ही रिंग नीट बसली नाही तर कच्चं पाणी त्या फटीतून थेट गाळलेल्या पाण्यात मिसळतं, मेंब्रेन कितीही चांगलं असलं तरी. आपल्याकडे बोअरचं पाणी इतकं जड, त्यामुळे मला याचीच जास्त काळजी वाटते.

फोटोवरून मी एवढंच सांगू शकते, आतली जाळी कशी आहे ते फोटोत दिसत नाही. टीडीएस मीटर लावून बघू म्हणाल तर नकली मेंब्रेन पण सुरवातीला क्षारांचा आकडा चांगला दाखवू शकतं, नंतर चढतो. आत ९०० आणि बाहेर ८० आलं म्हणजे ठीक गाळतंय एवढंच कळतं, माल कोणाचा ते नाही.

बाबा, अजून तीन फोटो काढा, सिरीयल नंबरचा, पिशवीच्या सीलचा आणि होलोग्रामचा. खिडकीजवळ काढा, फ्लॅश नको, प्लास्टिकवर चमकतो आणि अक्षरं जातात. होलोग्रामचे दोन काढा, खोकं थोडं तिरपं करून, रंग बदलतोय का तेच बघायचंय. आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरं फाटतात.

मी ते जुन्या खोक्यावरच्या कस्टमर केअरला पाठवून हा सिरीयल त्यांचा आहे का विचारते. नव्या माणसाने दिलेल्या नंबरवर फोन करू नका. तो आला तर भांडू नका, सिरीयल नंबर टाकून पक्कं बिल दे म्हणा, नाही म्हणाला तर माल परत आणि पैसे परत. पैसे देत नसेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, तक्रार मी इथून टाकते. काकूंना पण सांग आई, त्यांचं बसवून झालंय, तर त्यांनी बिल आणि खोकं जपून ठेवायला पाहिजे.

तोपर्यंत जुनंच मेंब्रेन चालू द्या, फक्त मीटरने आकडा बघत राहा, चढला तर कंपनीचा माणूस येईपर्यंत बाहेरून जार मागवा.

तुमची,
बेबी