माझी चिठ्ठी जागेवर ठेवणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार.

आपली अजून प्रत्यक्ष भेट झालेली नाही, आणि वयाने तुम्ही माझ्याहून बऱ्याच लहान आहात, तरीही तुम्हाला ताई म्हटल्यावाचून मला हे पत्र लिहिता येणार नाही. तुमचा फोन येऊन गेला त्याला आठ दिवस झाले. त्या दिवशी मला नीट बोलता आले नाही, म्हणून हे सर्वांसमक्ष लिहीत आहे.

त्या देवस्थानाच्या दप्तरातील मोडी कागदांचे वाचन मी दोन वर्षे करीत होते. तिसरा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा तिसरा गठ्ठा, वाचून झाला तेव्हा तो परत करून चौथा न्यावा म्हणून मी गेले, आणि नोंदवहीत चौथ्या रुमालासमोर तुमची सही पाहिली. दप्तर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी मान खाली घातली. विश्वस्तांपैकी एकाने फोन उचलला नाही, दुसऱ्याने "पाहू" असे म्हटले आणि माझ्या दोन पत्रांना आजतागायत उत्तर आलेले नाही. काम कोणाला द्यावे हा त्यांचा अधिकार आहे, हे मी मानते. पण काढून का घेतले हे सांगण्याइतके दोन शब्द त्यांच्यापाशी नसावेत, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

कारण न सांगण्याने काय होते ते सांगते. माणूस कारण स्वतःमध्ये शोधू लागतो. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व आणि दीर्घ इकाराला बहुधा एकच खूण असते, त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' यांतले काय वाचायचे हे पुढच्या-मागच्या मजकुरावरून ठरवावे लागते. अशा लिपीत चूक होणे सहज शक्य असते. माझ्या हातून काहीतरी मोठे चुकले असणार आणि संकोचामुळे कोणी ते बोलत नसणार, असे मी धरून चालले. रात्री वह्या काढून जुने वाचन पुन्हा तपासत बसले. चाळीस कागद तपासूनही मला ती चूक सापडली नाही, आणि त्यानेही समाधान झाले नाही, कारण आपलीच चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नसेल, ही शंका कशी फिटायची?

आणि मग तुम्ही विचारलेत, "तिसऱ्या रुमालातल्या पाटाच्या पाण्याच्या कागदावर तुमची पेन्सिलची चिठ्ठी आहे. यादीत १७७५ आहे आणि तुम्ही १७७६ लिहिले आहे. असे का, ते मला समजावून सांगाल का?"

मी तेव्हा घाईत आणि भरल्या गळ्याने सांगितले, म्हणून आता नीट लिहिते. तो कागद म्हणजे पाटाच्या पाण्याचा निवाडा, आणि त्यावर 'सन सीत सबैन मया व अलफ' असा, अरबी अंकशब्दांत लिहिलेला शुहूर सन आहे. सीत म्हणजे सहा, सबैन म्हणजे सत्तर, मया शंभर आणि अलफ हजार, म्हणजे ११७६. यात ५९९ मिळवले की १७७५ येते आणि जुनी यादी करणारे तिथेच थांबले. परंतु शुहूर वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते मृगाच्या सुमारास, मे-जूनच्या सांध्यावर सुरू होते. म्हणून त्यानंतरच्या डिसेंबरपर्यंतच्या कागदांना ५९९ मिळवायचे आणि पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदांना ६००. आपल्या कागदावर 'छ ५ जिल्हेज' आहे, म्हणजे त्या मुसलमानी महिन्याचा पाचवा चंद्र. त्या वर्षी तो जानेवारीच्या अखेरीस, २७ तारखेच्या आसपास येतो. तेव्हा साल १७७६ झाले. मजकुरात शके १६९७, मन्मथनाम संवत्सर, माघ शुद्ध असेही आहे आणि त्या शकाचा माघ १७७६ मध्येच पडतो, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही.

एका वर्षाने काय बिघडते, हे तुम्हीच फोनवर ओळखलेत, आणि त्या क्षणी मला फार बरे वाटले. पाण्यावरून गुरवाने केलेली तक्रार त्याच सनातली, साबान महिन्यातली, म्हणजे ऑक्टोबर १७७५ च्या सुरुवातीची आहे. यादीप्रमाणे निवाडा २७ जानेवारी १७७५ चा धरला, तर तक्रारीच्या आठ महिने आधीच निवाडा झाला असे होते. यादी छापून इतकी वर्षे झाली, ती करणाऱ्यांना किंवा छापणाऱ्यांना हे विचित्र वाटू नये, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

पण मी आभार मानते आहे ते या प्रश्नापुरते नाहीत. फोन ठेवण्यापूर्वी तुम्ही म्हणालात, "चिठ्ठी मी काढलेली नाही, आहे तिथेच आहे. आणि माझ्या स्वच्छ प्रतीच्या खाली तुमचे बिकलम लिहिले आहे." आपल्या आधी कोणी हे काम करीत होते, हे तुम्हालाही सांगितलेले नव्हते. त्या चिठ्ठ्या काढून टाकल्या असत्या तर कोणाला कळले नसते आणि सारे वाचन तुमचेच ठरले असते. त्याऐवजी चिठ्ठीवरच्या दोन अक्षरांवरून तुम्ही माझे नाव शोधलेत, नंबर मिळवलात आणि मला विचारलेत.

बिकलम हा शब्द तुम्ही वापरलात, म्हणून मला अधिक भरून आले. जुन्या कागदांच्या शेवटी तो येतो: हा मजकूर कोणाच्या हातचा, ते सांगणारा. पाटलाला लिहिता येत नसे, तेव्हा तो नांगराची निशाणी करी, पण कागद लिहिणाऱ्याचे नाव खाली वेगळे येई. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी खेड्यातल्या कुळकर्ण्याला जी रीत ठाऊक होती, ती आजच्या विश्वस्तांना ठाऊक नसावी आणि तुम्हाला असावी, यात सभ्यता कोणाकडे आहे ते मला कळले. हिशेबी माणसे पुष्कळ भेटतात, दुसऱ्याच्या हातचे दुसऱ्याच्या नावावर ठेवणारी थोडी.

काम आता तुमच्याकडेच राहावे, असे मला मनापासून वाटते. माझ्या तिन्ही वह्या पुढच्या आठवड्यात तुमच्या पत्त्यावर पाठवते, त्या परत करण्याची घाई करू नका.

एका कागदाविषयी मात्र आधीच लिहून ठेवते. तिसऱ्या रुमालाच्या तळाशी एक पाणीवाटपाचा कागद आहे, त्याचा सन कसरीने खाल्ला आहे आणि दशकाच्या शब्दातले 'बैन' एवढेच उरले आहे. मी घाईने त्याला सबैन धरले होते. पण अर्बैन, म्हणजे चाळीस, यातही तेच 'बैन' आहे आणि दोहोंत तीस वर्षांचे अंतर पडते. नांगराशेजारी पाटलाचे नाव निवाड्यातल्या पाटलाचेच आहे, तरी त्यावर विसंबू नका, आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. सकाळच्या उन्हात कागद तिरका धरून पाहा, अक्षर गेले तरी बोरूचा ओरखडा कधीकधी राहतो. काय दिसते ते मला कळवा.

तुमची ऋणी,
तिसऱ्या रुमालापर्यंतची वाचक