हरवलेला बाँड आणि माझे चार हेलपाटे

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात बारीक टायपात 'माझी विमा पॉलिसी गहाळ झाली आहे' अशा जाहीर नोटिसा येतात, त्या मी कधी वाचत नव्हतो, आता रोज वाचतो. कारण घर बदलताना माझ्या स्वतःच्याच पॉलिसीचा मूळ कागद, म्हणजे बाँड, हरवला, आणि मॅच्युरिटी जवळ आलेली. (कंपनीचं नाव नाही लिहीत.)

पहिल्या दिवशी काउंटरवर डुप्लिकेट पॉलिसीसाठी साध्या कागदावर अर्ज दिला तर बाई म्हणाल्या, पॉलिसी कुठे गहाण टाकलीय का ते आधी सांगा. मला रागच आला, पण प्रश्न बरोबर होता. बँकेचं कर्ज काढताना पॉलिसी बँकेच्या नावे असाइन केली असेल तर मूळ बाँड बँकेतच असतो आणि पैशावर पहिला हक्कही तिचाच. म्हणजे काही जणांचा बाँड हरवलेलाच नसतो, तिजोरीत पडलेला असतो, म्हणून आधी जुने कर्जाचे कागद बघा.

माझ्यावर कर्ज नव्हतं, मग आला इंडेम्निटी बाँड. मला वाटलं हरवल्याबद्दल माफीनामा असेल. तसं नाहीये. उद्या कुणी मूळ बाँड घेऊन हक्क सांगत आला आणि कंपनीला भुर्दंड पडला तर तो मी भरून देईन, आणि मूळ बाँड सापडला तर परत आणून देईन, असं लिहून द्यायचं. वर एक जामीनदार. साडूला सही मागितली तर तो म्हणाला दादा आधी वाचून बघू दे, आणि खरंच दोनदा वाचला, मला तेव्हा वाईट वाटलं पण त्याचं काय चुकलं, माझ्याबरोबर तोही अडकणार ना.

आता चुका ऐका. घरात पडलेला १०० चा जुना स्टॅम्प पेपर घेऊन गेलो, तो चालला नाही, राज्यात २०२४ च्या ऑक्टोबरपासून अशा कामाला ५०० चा लागतो. दुसरा आणला तर तो घाईत मुलाच्या नावाने घेतलेला, तोही परत. मग आधार आणि पॅनच्या सही केलेल्या झेरॉक्स दिल्या, तर पॉलिसीवर वडिलांच्या नावापुढे 'राव' आणि आधारवर नुसतं नाव! त्यासाठी दोन्ही नावं एकाच माणसाची असं वेगळं प्रतिज्ञापत्र, पुन्हा नोटरी.

माझं म्हणणं एवढंच, हे सगळं पहिल्याच दिवशी एका कागदावर छापून द्यायला काय जातं? मसुदा, स्टॅम्प किती आणि कुणाच्या नावे, नाव जुळत नसेल तर काय, जाहिरात लागणार की नाही. मला चार हेलपाटे पडले, गुडघे दुखणाऱ्या माणसाने काय करायचं?

डुप्लिकेट आली, लगेच मोबाईलवर फोटो काढून ठेवले. साडू मात्र भेटला की अजून विचारतो, सापडला का हो मूळ बाँड.

– एक वाचक, सांगली