नावाला कंस

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स. न. वि. वि.

मी विधी शाखेच्या चौथ्या वर्षाला आहे. गेल्या हिवाळ्यात तालुका विधी सेवा समितीच्या शिबिरासाठी आमच्या वर्गातल्या सहा जणांना एका गावी नेलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, आजींना तिथे राहायचं आहे.

मारुतीच्या देवळापुढे मांडव होता. न्यायाधीश साहेबांचं भाषण झालं, पत्रकं वाटली, पोहे झाले. माझ्या टेबलावर ‘मोफत कायदेविषयक सल्ला’ अशी पाटी होती आणि दीड वाजेपर्यंत तिथे फक्त रेशनकार्डात नाव वाढवायला आलेले दोघे बसून गेले. मांडव रिकामा झाल्यावर खांबाला टेकून बसलेल्या एक आजी उठल्या. इतका वेळ त्या गर्दी पांगायची वाट बघत होत्या. युरियाच्या पोत्याच्या पिशवीतून त्यांनी घडी पडून चिरलेला सातबारा काढला आणि म्हणाल्या, “वकीलबाई, ह्यात माझं नाव कुठं हाय ते दाव.”

नाव होतं, पण कंसात. सातबाऱ्यावर नावाला कंस म्हणजे त्या माणसाचा हक्क नोंदीतून गेला, हे आपणांस सांगायला नको. मी ते समजावून सांगितलं, तर आजी म्हणाल्या, “तलाठीबी त्येच म्हनला. नावाला कंस केलाय म्हनं. कंस तर देवकीचा भाऊच की गं.”

हकीकत अशी. वडिलांनी स्वतः विकत घेतलेली सहा एकर जमीन. वडील गेले तेव्हा वारस चार: आई, दोन भाऊ आणि आजी. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर चौघांना सारखा हिस्सा, म्हणजे 240 गुंठ्यांतले साठ-साठ गुंठे. नावंही तशीच लागली होती. 2018 मध्ये आई गेली. तिचे साठ गुंठे तिघा भावंडांत वाटले की आजींचे होतात ऐंशी गुंठे, सरळ दोन एकर. मी पत्रकाच्या मागे हा हिशेब मांडला तेव्हा आजींनी ‘ऐंशी’ हा आकडा दोनदा वदवून घेतला.

आईच्या तेराव्याला थोरल्या भावाने शंभराच्या स्टॅम्पवर अंगठा घेतला. “आईचं वारस लावायचंय” असं सांगून. कागदावर मात्र ‘हक्कसोडपत्र’ लिहिलेलं होतं. 2019 मध्ये त्या कागदावरून फेरफार मंजूर झाला आणि नावाला कंस पडला. आजींना कळलं शिबिराच्या महिनाभर आधी, नातवाने मोबाईलवर सातबारा पाहिला तेव्हा.

इथे मी चूक केली. परीक्षेत नुकतंच लिहिलेलं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 250 डोक्यात होतं. मी म्हणाले, “आजी, अपिलाची मुदत साठ दिवसांची असते. ती केव्हाच संपली.” आजींनी वाद घातला नाही, रडल्याही नाहीत. सातबाऱ्याची घडी घातली आणि पिशवी उचलली.

शेजारच्या टेबलावरून पॅनेलवरच्या वकीलबाईंनी हाक मारली नसती तर माझी पहिली पक्षकार माझ्याच सल्ल्याने घरी गेली असती. बाईंनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, “पुढचं कलम वाचलंस का?” कलम 251 प्रमाणे उशिराला पुरेसं कारण असेल तर अपील मुदतीनंतरही दाखल करून घेता येतं. फेरफार झाल्याचंच ज्या बाईला माहीत नव्हतं, तिला याहून मोठं कारण कुठलं हवं? मुख्य म्हणजे फेरफाराने मालकी जात नाही. स्थावर मिळकतीतला असा हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. दुय्यम निबंधकासमोर फोटो निघतो, अंगठा घेतात, दस्त मान्य आहे का असं तोंडावर विचारतात. तेराव्याच्या अंगठ्याने आजींचे ऐंशी गुंठे गेलेच नव्हते, फक्त कागदावरून नाव गेलं होतं. अर्थात धोका तिथेच आहे. कागदावर भाऊच मालक दिसत असतील तर उद्या घेणारा कागद बघूनच पैसे मोजील.

मग आम्ही फेरफाराची नक्कल मागितली, आणि सोबतच्या सगळ्या कागदांचीही. बाईंचा आग्रह होता की नुसती गाव नमुना सहाची नक्कल घेऊन भागत नाही, नोटीस कशी बजावली ते बघायचं. नकला आल्या आणि सगळं दिसलं. मंत्रिमहोदय, हे पत्र त्या एका कागदासाठी लिहिते आहे.

फेरफार मंजूर होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावं लागतं. आजींच्या नावाची नोटीस निघाली होती. पत्ता होता ‘रा. सदर’. म्हणजे जमीन आहे त्याच माहेरच्या गावची राहणारी. आजी लग्न होऊन गेल्याला तेव्हा अडतीस वर्षं झाली होती. खाली पोच होती, ‘बहिणीकरिता’ असं लिहून थोरल्या भावाची सही. ज्याच्याविरुद्ध हरकत घ्यायची त्यानेच नोटीस घेतली, पंधरा दिवस गेले, ‘हरकत नाही’ असा शेरा पडला. फाईल बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं.

बाई म्हणाल्या की त्यांच्या कपाटात असे आणखी कागद आहेत. माहेरी वारस लागताना बाईचा पत्ता माहेरचाच पडतो, आणि तिचं नाव काढायची वेळ येते तेव्हा नोटीस त्याच पत्त्यावर जाते.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची आहे. हक्कसोडीच्या कारणाने कुणा स्त्रीचं नाव कमी होत असेल तर नोटीस ती आज राहते तिथे जावी, तिच्या हातात पडावी, आणि मंडळ अधिकाऱ्याने तिचा जबाब समोर बसवून घेतल्याशिवाय नोंद मंजूर होऊ नये. दुसरं, नोंदणी न झालेल्या हक्कसोडीवर आजवर मंजूर झालेले फेरफार तालुकावार काढून पाहावेत. कारणाचा रकाना भरलेला असतो, शोधणं अवघड नाही. भावांना त्रास होईल, तलाठ्यांचं काम वाढेल, हे मला कळतं. (पद आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं आहे, पण गावात तलाठीच म्हणतात.)

आजींची भीती मात्र परिपत्रकाने जाणार नाही. विधी सेवेच्या अर्जावर अंगठा देण्याआधी त्यांनी पदराची गाठ सोडून पाचशेची नोट पुढे केली. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, हे सांगून मी ती परत दिली. नोट पुन्हा गाठीत बांधताना त्या म्हणाल्या, “नाव लागंल गं. पन मग भाऊबीजंला कुनाकडं जाऊ?” मी उत्तर दिलं नाही. बाईही गप्प होत्या. दोन-तीन मिनिटांनी आजींनी स्वतःच शाईचा पॅड जवळ ओढला.

अपील प्रांतांकडे दाखल आहे, विलंबमाफीच्या अर्जासह. पहिल्या तारखेला साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या तारखेला थोरला भाऊ आला होता. आजींनी पिशवीतून त्याच्यासाठी आणलेली तिळाची वडी काढून बाकावर ठेवली. त्याने ती घेतली, पण बोलला नाही. पुढची तारीख येत्या महिन्यात आहे. त्याआधी आजींच्या आताच्या पत्त्यावर नोटीस जावी असा अर्ज आम्ही दिला आहे, कारण अपिलाच्या कागदावरही कुणीतरी ‘रा. सदर’च लिहिलं होतं.

आपली,
विधी शाखेची एक विद्यार्थिनी