अक्षरं दुबार उमटली म्हणजे चुकून नव्हे

महोदय,

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. गेल्या महिन्यात त्यांनी बँकेच्या चॅटवर लिहिलं, ‘पपपेन्शन जजमा नाहीही’. पलीकडच्या कर्मचाऱ्याने ‘चुकून बटणं दाबली गेली असावीत’ असं लिहून संवाद बंद केला. त्या तीन शब्दांसाठी बाबा चार मिनिटं झगडत होते.

या आजारात हात सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा थरथरतो आणि एकच कळ दोन-तीनदा लागते. तरी शब्द ओळखू येत होते, क्रमही बरोबर होता. कीबोर्डवर नुसता हात पडला तर शेजारशेजारची अक्षरं येतात, त्यांतून ‘पेन्शन’ निघत नाही. शंका होती तर ‘पेन्शन जमा झालं नाही, असंच ना?’ एवढं विचारायचं होतं.

आता मी संगणकावर ‘Filter Keys’ सुरू करून दिलंय. लगेच पुन्हा लागलेली तीच कळ ते सोडून देतं. मात्र एखादं अक्षर खरंच दोनदा हवं असेल तर मध्ये थांबावं लागतं, त्यामुळे बाबांचं लिहिणं आणखी संथ झालंय. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये पार्किन्सन्सचा समावेश आहे. बँकेने ग्राहकाला चॅटवर लिहिण्यासाठी मिळणारी मुदत वाढवावी आणि ‘चुकून’ हा शेरा मारण्याआधी एकदा तरी विचारावं.

– एक वाचक, सातारा