खुले पत्र : जूनमध्ये मुलीला लस, त्याच दिवशी आईची तपासणी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : खान्देशातील आश्रमशाळांमध्ये एचपीव्ही लसीकरणाची वेळ, डोस आणि मातांची तपासणी

महोदय,

सातपुड्याच्या कुशीतली, धडगाव, अक्कलकुव्यापासून शिरपूर, चोपड्यापर्यंतची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात जातात. काही जण होळीला येऊन जातात, पण घरी मुक्काम पडतो तो उन्हाळ्यात. जूनमध्ये शाळा उघडल्या की आईबाप मुलींना आश्रमशाळेत सोडायला येतात. वर्षभरात मुलगी, तिची आई आणि सरकारी यंत्रणा एका अंगणात सापडण्याची ही जवळपास एकच वेळ. गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूविरुद्धची लस या भागात जून ते सप्टेंबरमध्येच द्यावी, ही आमची मुख्य मागणी आहे. जानेवारी-फेब्रुवारीत मोहीम ठेवली तर शाळेत नाव असलेली मुलगी फडावर असेल आणि संमती देणारे पालकही.

लसीचा सर्वांत जास्त फायदा कोणाला होतो, याचे उत्तर सरळ आहे. शरीरसंबंध सुरू होण्यापूर्वी जिला लस मिळते तिला. शरीरात आधीच शिरलेला विषाणू ही लस काढून टाकत नाही. म्हणून ९ ते १४ हे वय. आपल्याकडे सोळा-सतराव्या वर्षी लग्ने उरकली जातात हे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा ‘दहावी झाल्यावर बघू’ म्हणणे म्हणजे संधी हातची घालवणे. बावीस वर्षांच्या विवाहितेला लसीचा थोडाफार उपयोग होतो. पस्तिशीच्या बाईला मात्र सरकारी पैशातून लस देण्यापेक्षा तिची तपासणी करणे कितीतरी पटीने हिताचे.

आता डोस. लसीच्या पाकिटातला कागद सांगतो : १५ वर्षांखाली दोन, त्यापुढे तीन. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयोगटासाठी एक किंवा दोन डोसची मुभा दिली. २१ पासून पुढे दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. यामागचा एक मोठा पुरावा भारतातलाच आहे. २००९ साली सुरू झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयही होते. २०१० मध्ये सरकारने लस देणे थांबवले आणि हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. दहा वर्षांनी पाहिले तर एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसचे संरक्षण सुमारे ९५ टक्के होते, दोन-तीन डोस घेतलेल्यांच्या तोडीचे. हा पुरावा संसर्गाबद्दलचा आहे, प्रत्यक्ष कर्करोगाबद्दलचा नव्हे. तरी दुसऱ्या डोसला मुलगी सापडेलच याची खात्री नसलेल्या भागात आम्ही एका डोसच्याच बाजूने आहोत.

यात आणखी एक सोय आहे. आश्रमशाळेच्या पटावर १ जूनला जन्मलेल्या मुलींची रांग असते. कागदावर तेरा असलेली मुलगी खरी पंधराची असू शकते. पाकिटातल्या कागदाप्रमाणे चालायचे तर तिचे डोस बदलतील, सिस्टर अडून बसतील. वीस वर्षांपर्यंत एक डोस हे परिपत्रकात स्पष्ट लिहिले तर हा घोळच उरत नाही. मात्र एचआयव्ही असलेल्या मुलीला किमान दोन, जमल्यास तीन डोस लागतात, तिची नोंद वेगळी ठेवावी. सिकलसेलचे तसे नाही. नंदुरबारमध्ये हा प्रश्न हमखास येणार, म्हणून लिहून द्या : सिकलसेल असलेल्या मुलीला लस चालते आणि त्या कारणाने जादा डोस लागत नाही. कोणी खासगीत दोन डोसचा क्रम सुरू केला असेल आणि दुसरा लांबला, तर तो मिळेल तेव्हा घ्यायचा. पहिल्यापासून सुरुवात करायची नाही.

संमतीचा मुद्दा नाजूक आहे. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात ही लस देताना पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी अर्जांवर सह्या केल्या होत्या. तेव्हा लस घेतलेल्या काही मुली दगावल्या; त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण लस देण्याची ही पद्धत संसदीय समितीच्या टीकेची धनी झाली आणि लस वर्षानुवर्षे मागे पडली. आपल्या आश्रमशाळांत अधीक्षिकेची सही चालवून घेऊ नये. माहिती पावरी, भिली, अहिराणीत आधी तोंडी सांगावी, सही पालकांचीच घ्यावी, आणि नाही म्हटले तर तेही नोंदवावे.

प्रत्यक्ष टोचताना दोन गोष्टी बिघडतात. ही लस गोठली की वाया जाते, आणि ती गोठते बहुधा फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक तसेच कॅरिअरमध्ये ठेवल्यामुळे. पॅक हलवल्यावर आत पाणी खळखळले पाहिजे, मगच तो भरायचा. दुसरे, मुली चक्कर येऊन पडतात. एक पडली की रांगेतल्या चार पडतात आणि दुपारपर्यंत गावात बातमी जाते. उपाय साधा आहे : नाश्ता झाल्यावर, बसवून, रांगेला दिसणार नाही अशा खोलीत टोचायचे आणि अर्धा तास तिथेच बसवून ठेवायचे.

आणि आता आया. १६ आणि १८ हे दोन प्रकार जगभरातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना कारणीभूत आहेत; उरलेल्यांपासून लस पूर्ण संरक्षण देत नाही. म्हणून आज लस घेणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीलाही सोळा वर्षांनी, तिशीत, तपासणीला यावेच लागेल. तेव्हा तिचे गाव आणि आडनाव बदललेले असेल, म्हणून लसीची नोंद डिजिटल हवी आणि पत्रक तिच्या हातात हवे. तेव्हा व्हीआयए, म्हणजे व्हिनेगरसारखे पातळ ॲसिड लावून पांढरा डाग पाहण्याची तपासणी, आजच्याइतकीही भरवशाची राहणार नाही. लस घेतलेल्या बायकांत कर्करोगापूर्वीचे खरे विकार कमी होतील, पण खोटे पांढरे डाग तेवढेच दिसत राहतील. म्हणजे घाबरवलेल्यांत निरोगीच जास्त. पुढची वाट एचपीव्ही डीएनए चाचणीची आहे, आणि ती आताच घालायला हवी.

त्या चाचणीचा नमुना बाई पडद्याआड स्वतः घेऊ शकते. व्हीआयएला ते शक्य नाही. क्षयरोगासाठी बसवलेल्या ट्रूनॅट यंत्रांवर एचपीव्हीची चिप चालते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या मोठ्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांची एकदाच ही चाचणी केली, तर आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिथे शंभरातल्या साधारण दहा जणी पॉझिटिव्ह निघाल्या.

तोच हिशेब इथे लावू. एका आश्रमशाळेत जूनच्या प्रवेशाच्या आठवड्यात तीस ते एकोणपन्नास वयाच्या २०० आयांनी नमुना दिला, तर साधारण २० जणींना पुन्हा बोलवावे लागेल. त्यांतल्या बहुतेकींना कर्करोग नसतो, हे त्यांना पहिल्या वाक्यात सांगायचे. गर्भाशयमुख पाहून, विकार पूर्ण दिसत असेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर थर्मल ॲब्लेशन, म्हणजे उष्णतेने तो भाग नष्ट करण्याचा उपचार, त्याच बैठकीत मिनिटाभराच्या आसपास होते. भूल लागत नाही. ज्यांचा विकार आत गेलेला दिसतो किंवा कर्करोगाची शंका येते त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवायचे, चिठ्ठी देऊन नव्हे, गाडी देऊन. उपचार झालेल्यांची वर्षाने पुन्हा चाचणी. हे सगळे दिवाळीआधी व्हायला हवे, कारण त्यानंतर मुकादमाची गाडी येते. निकाल ऑक्टोबरच्या अखेरीस हातात पडणार असेल तर नमुने घेऊच नका. पॉझिटिव्ह असल्याचे कळून उपचाराविना फडावर जाणारी बाई आम्हाला नको आहे.

त्यासाठी आपल्याकडून तीन कागद हवेत : आदिवासी विकास विभागासोबतचे संयुक्त परिपत्रक, डोसबद्दलचा स्पष्ट आदेश, आणि ग्रामीण रुग्णालयांना थर्मल ॲब्लेशन यंत्रे व ट्रूनॅटच्या चिपांसाठी मंजुरी. चिपा मे महिन्यात पोचल्या पाहिजेत.

कळावे,
खान्देशातील काही स्त्रीरोगतज्ज्ञ व सार्वजनिक आरोग्य कार्यकर्ते