हक्कसोडपत्र हे वारस नोंदीचं कागदपत्र नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वारस नोंदीसाठी फोनवरूनही माहिती मिळते, हे तुमच्या कालच्या अंकातलं महसूल अधिकाऱ्यांचं वक्तव्य वाचलं आणि राहवलं नाही. वडील गेल्यावर मीही आमच्या तालुक्याच्या कार्यालयात असाच फोन केला होता. लिपिकसाहेब बोलायला नम्र होते, हे आधी सांगतो. त्यांनी सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं: मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ, सगळ्या वारसांची आधार कार्डं, रेशन कार्ड आणि वारसांची नावं-पत्ते लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. आधी सेतूत जा, मग आवक-जावकला अर्ज द्या, तिथून तो तलाठ्याकडे जाईल. फी काही नाही. महिन्याभरात नोंद होईल, असा शब्दही दिला.

इथवर ठीक होतं. शेवटी म्हणाले, "बहिणी आहेत ना? मग त्यांचं हक्कसोड करूनच आणा, म्हणजे काम अडणार नाही."

माझ्या बहिणींनी हक्क सोडलेला नाही आणि मी तो मागितलेलाही नाही. वडिलांचं मृत्युपत्र नव्हतं. अशा वेळी आई, भाऊ, बहिणी सगळेच वारस असतात आणि सगळ्यांची नावं फेरफारात यायलाच हवीत. हक्कसोडपत्र ज्याचं त्याने स्वखुशीने करायचं असतं, तेही दुय्यम निबंधकाकडे नोंदवून. वारस नोंदीच्या कागदांत ते बसत नाही. फोनवर ते असं सहज मागितलं, की खेड्यातला माणूस त्याला सरकारी नियमच समजतो आणि बहिणीला सहीसाठी माहेरी बोलावतो. आमच्या भावकीत एका आत्याची सही अशीच घेतली गेली. तिला वाटलं, सातबाऱ्यावर भावाचं नाव लागायला सही हवी आहे. आपलं नाव त्यामुळे जाणार, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

मी हक्कसोडाशिवाय अर्ज दिला, तर आवक-जावकच्या खिडकीवर तो घेईनात. फोनवर कोण बोललं, हेही तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. अखेर तलाठ्यांकडे थेट अर्ज देऊन पोच मागितली. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने ३ महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं आणि तलाठ्याने त्याची लेखी पोच तिथल्या तिथे द्यायची असते. हे कलम दाखवल्यावर पोच मिळाली. पुढे नोटीस निघाली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. आज सातबाऱ्यावर आईसह आम्हा सगळ्यांची नावं आहेत.

म्हणून मागणी एवढीच, की लागणाऱ्या कागदांची यादी सहीशिक्क्यानिशी चावडीवर लावा आणि तिच्याखाली 'हक्कसोडपत्र आवश्यक नाही' असं ठळक लिहा. संपादक महाशय, जमिनीच्या जाहीर नोटिसा तुम्ही इतक्या बारीक अक्षरांत छापता, की माझ्या आईला त्या भिंगानेही वाचता येत नाहीत. हरकतीची मुदत त्यातच दिलेली असते. तेवढी अक्षरं मोठी करा.

आपला,
एक शेतकरी वाचक