मंत्रीमहोदय, कंपनीच्या जन्मसालाच्या भरवशावर माझे चार लाख गेले

मा. केंद्रीय कॉर्पोरेट व्यवहार मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मंगळवारी माझ्या फसवणुकीच्या तक्रारीला आपल्या अखत्यारीतल्या एका कार्यालयाचं उत्तर मिळालं. 'गुंतवणूकदाराने स्वतः पडताळणी करणे अपेक्षित आहे.' सात महिन्यांनी, एका ओळीत. शिवाय मला 'महोदया' म्हटलंय. असो.

साहेब, पडताळणी मी केली होती, आणि तुमच्याच क्रमांकावरून. कंपनीच्या लेटरहेडवर सीआयएन, म्हणजे सरकारने कंपनीला दिलेला २१ अक्षरांचा ओळख क्रमांक होता, कारण २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे तो छापावाच लागतो. तो असा होता (शेवटचे सहा आकडे झाकतो, वकिलांनी सांगितलंय):

```
U51909MH1998PLCxxxxxx
```

पहिलं अक्षर U, म्हणजे कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. असती तर L असतं. पुढचे पाच आकडे धंद्याचे. MH म्हणजे महाराष्ट्र, 1998 हे स्थापनेचं साल, PLC म्हणजे पब्लिक कंपनी आणि शेवटी नोंदणी क्रमांक. U बद्दल मी शेअर विकायला आलेल्या एजंटला विचारलं होतं. तो म्हणाला, "काका, लिस्टिंगच्या आधी U च असतो, म्हणून तर स्वस्तात मिळतायत." खोटंही म्हणता येईना! पण माझा जीव अडकला तो MH1998 मध्ये. पंचवीस वर्षं आपल्या राज्यात टिकलेली कंपनी, अशी लगेच पळून थोडीच जाणार? निवृत्तीच्या पैशातले चार लाख दिले. आज त्या ऑफिसला कुलूप आहे आणि शेजारचा झेरॉक्सवाला मला लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतो.

नंतर पुतण्याने शंभर रुपये भरून तुमच्या पोर्टलवरून त्या कंपनीचे जुने कागद काढले. त्यात याच कंपनीचा आधीचा क्रमांक निघाला:

```
U51909WB1998PTCxxxxxx
```

कंपनी १९९८ मध्ये जन्मली खरी, पण बंगालमध्ये, दुसऱ्या नावाने, प्रायव्हेट म्हणून. वर्षानुवर्षं निपचित पडलेली. २०१९ मध्ये नव्या लोकांनी शेअर विकत घेऊन ती ताब्यात घेतली, प्रादेशिक संचालकांची मंजुरी काढून नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात आणलं, नाव बदललं आणि तिला पब्लिक करून घेतलं. तुमच्या व्यवस्थेने इमानेइतबारे WB चं MH केलं, PTC चं PLC केलं, शेवटचे सहा आकडेही बदलले, कारण ते नव्या राज्याच्या नोंदवहीतले. फक्त 1998 ला हात लावला नाही. राज्य आजचं आणि साल जन्माचं, दोन्ही खिळ्याला खिळा लावून छापलेलं. वाचणारा काय समजणार? महाराष्ट्रात १९९८ पासून!

स्थलांतर हा गुन्हा नाही, हे मला कळतं. रिलायन्स इंडस्ट्रीजचा सीआयएन पाहा: L17110MH1973PLC019786. ही कंपनी १९७३ मध्ये मायनायलॉन या नावाने कर्नाटकात नोंदली गेली होती, महाराष्ट्रात नंतर आली. क्रमांकात मात्र MH आणि 1973 शेजारीशेजारी. त्यातला 17 हा कापडाचा आकडा, तोही अजून तिथेच. एवढ्या मोठ्या कंपनीचा क्रमांकही जर सरळ वाचता येत नसेल, तर माझ्यासारख्या निवृत्त हिशेबनिसाने काय वाचायचं?

नाव बदललं तर दोन वर्षं जुनं नावही सोबत लिहायचं, असं कायदा सांगतो. दोनच वर्षं! माझ्याकडे एजंट आला तोवर ती कधीच उलटली होती. आणि लेटरहेडचा नियम मोडला तर दंड रोज हजार रुपये, जास्तीत जास्त एक लाख. माझे चार गेले. आमच्या कॉलनीत अशी निदान तीस घरं असतील. मोजली नाहीत, पण संध्याकाळी बागेतल्या बाकावर दुसरा विषय नसतो. बायको आता बाकावर येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललंय, आणि ते 'बघू' म्हणून मी रोज तिला सांगतो.

मागणी एवढीच. राज्य बदलून आलेल्या कंपनीला लेटरहेडवर आधीचा सीआयएन आणि स्थलांतराचं साल कायमचं छापायला लावा. पोर्टलवर नुसता सीआयएन टाकला की जे पहिलं पान उघडतं, त्यावरही ते दिसू द्या, शंभर रुपये न भरता. माझा पॅन मी गाव बदललं, शहर बदललं, तरी तोच राहिला. माणसाची ओळख जन्मभर एकच, आणि कंपनीने मात्र राज्य ओलांडलं की नवा क्रमांक घालून उजळ माथ्याने फिरायचं? केवायसी करता करता आमच्या अंगठ्याचे ठसे झिजले. ज्यांनी पैसे नेले त्यांचे ठसे कोण घेतं, ते एकदा सांगा.

उत्तर पाठवाल तेव्हा कृपया 'महोदय' लिहावं.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस